पिंपरी तीन, चिंचवड चार

पिंपरी आणि चिंचवड ही दोन गावे शब्दकोड्यात एकमेकांना कुठेच भेटत नाहीत. १९८२पासून एक महापालिका त्यांना छोट्या आडव्या रेघेने जोडून ठेवते आहे, पाट्यांवर, पावत्यांवर, बसच्या कपाळावर ती दोघे एका दमात उच्चारली जातात, आणि लोकलने एका स्टेशनावरून दुसऱ्यावर जाताना डब्यातल्या गप्पासुद्धा पुऱ्या होत नाहीत. पण चौकटीचा कागद घ्या आणि पिंपरी आडवी, चिंचवड उभे लिहून बघा. पिं, प, री. चिं, च, व, ड. एकही घर समाईक नाही. दोघांच्या पहिल्या घरात पहिली वेलांटी आहे आणि डोक्यावर अनुस्वार आहे, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला ती भावंडे वाटावीत; जवळ जाऊन पाहिले की एक प आणि दुसरा च. इंग्रजी स्पेलिंग वापरणाऱ्याला ही अडचण नाही. त्याला दोन्हीकडे ‘आय’ सापडतो आणि तो दोन गावे आरामात एकमेकांतून ओवतो. मराठीत मात्र वेलांटी एकटी येत नाही. ती ज्याच्या अंगावर आहे त्याच्यासकट येते, आणि त्याच्यासकटच जुळावी लागते.

हे मला कळले ते चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. त्या बसला रस्ता फार नाही, वेळ मात्र पुष्कळ लागतो. मोशी ओलांडून इंद्रायणीचा पूल मागे पडला, कुरुळी गेली, की पुढे चाकणचा तळेगाव चौक आपली वाट पाहत असतो. वाट पाहणे हे त्या चौकाचे मुख्य काम. तो ते सगळ्यांकडूनही करून घेतो. ट्रेलरवर चढवलेल्या कोऱ्या गाड्या, कांद्याचे टेम्पो, शाळेच्या व्हॅना आणि आमच्यासारख्या निळ्या-पांढऱ्या बसा तिथे इतक्या शांतपणे एकमेकींना लागून उभ्या असतात की वरून पाहणाऱ्या घारीला ते सगळे भरलेले शब्दकोडे दिसत असावे, काळी घरे कमी पडलेले. याच चौकाजवळच्या संग्रामदुर्गाने १६६० साली शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने रोखून धरले होते. फिरंगोजी नरसाळ्यांनी ते पराक्रमाने केले. हल्ली ते आपोआप होते.

बसमध्ये सगळ्यांत पुढच्या आसनावर क्वालिटीतले एक काका बसत. निवृत्तीला टेकलेले, खिशाला दोन पेने, आणि मांडीवर दैनिकाची शब्दकोड्याच्या पानापुरती घडी. मागच्या आसनावर बसून त्यांच्या खांद्यावरून कोडे वाचणे हे माझे शिक्षण. काका ओठ न हलवता सोडवत, पण अडले की मोठ्याने शोधसूत्र वाचत, म्हणजे ते कुणाला उद्देशून आहे असे वाटू नये आणि उत्तर मात्र कुठूनतरी यावे. “सुवास, चार अक्षरी,” ते खिडकीला सांगत. आणि बस उत्तर देई.

सुवास, चार अक्षरी. ‘दरवळ’ म्हणून कुणी ओरडे, ‘परिमळ’ म्हणून दुसरा. दोन्ही बरोबर, दोन्ही चार घरांचे, आणि गंमत अशी की दोघांचे शेवटचे घर ळ. म्हणजे उभा शब्द त्या शेवटच्या घरातून जात असेल तर तो सांगून सांगून काय सांगणार? खरे तर कोड्याच्या वरच्या ओळीत तो जातही नाही, कारण ळ हे अक्षर मराठीत कुठल्याही शब्दाची सुरुवात करत नाही. शाळेत मुळाक्षरे म्हणताना ळ शेवटाकडे येई, ज्ञ-क्षच्या गर्दीत उभा, आणि त्याच्यासाठी चित्र नसे; ‘ळ बाळाचा’ म्हणून वेळ मारून नेलेली असे. शब्दकोडे रचणाऱ्याला तो संकोच आजही सांभाळावा लागतो. वरच्या ओळीत ळ आला की त्याच्या खाली काळे घर. तसेच ण चे. करमणूक हा किती मोकळाढाकळा पाच घरी शब्द, पण त्यातल्या णू च्या खाली काळे घर आलेच. तेव्हा बसमधल्या त्या कोड्यात भांडण मिटवायचे तर दुसऱ्या घराकडे जावे लागले. दरवळमध्ये तिथे नुसता र आहे, परिमळमध्ये रि. त्या घरातून खाली उतरणारे सूत्र होते ‘प्रथा, तीन अक्षरी’.

प्रथेला आपल्याकडे शब्दांची टंचाई नाही. शिरस्ता, प्रघात, पायंडा, रिवाज, सगळे तीन घरांचे. (चाल, रीत, रूढी दोनच घरांत आटोपतात आणि परंपरा चार मागते.) पण यांतला र ने सुरू होणारा एकही नाही, आणि रि ने सुरू होणारा एकच आहे. दरवळ तिथल्या तिथे विरला. मग बाकीचे घरंगळत आले. मी तो तुकडा नंतर कधीही कागदावर उतरवू शकतो:

प रि म ळ
■ वा ण ■
■ ज का त

मधली आडवी ओळ, ‘संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटतात ते’, वाण. खालची आडवी, ‘नाक्यावरचा कर’, जकात. हे सूत्र वाचताना बसमधली जुनी मंडळी सुस्कारा टाकत. आमच्या महापालिकेची श्रीमंती कारखान्यांच्या जकातीवर उभी होती. २०१३च्या एप्रिलमध्ये ती उठली आणि शब्द म्हणून कोड्यात राहायला आली. तिसरा उभा, ‘पाठीतले हाड’, मणका. या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला तो आडव्या अक्षरांची मदत न घेताही आठवतो. आता या तुकड्यात मणक्याच्या मधला ण कसा बसला ते पाहा. त्याला सुरुवात करता येत नाही, म्हणून तो एकाचा मध्य आणि दुसऱ्याचा शेवट होऊन राहिला. काकांना हे फार आवडे. “ज्याला पुढं जाता येत नाही,” ते म्हणत, “त्याला दोघांच्या मध्ये बसवायचं. कँटीनच्या कमिटीत आम्ही असंच करतो.”

काका आयुष्यभर गेज घेऊन उभे राहिलेले. गो-नोगो गेजला दोन टोके असतात. एक टोक भोकात गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये, तरच नग पास. छेदणारे अक्षर काकांच्या लेखी तसेच होते. अक्षरसंख्या हे गो टोक, त्यात बरेच शब्द जातात. छेदाचे घर हे नोगो, तिथे सैल निघतो तो बाद. आणि मराठीतले नोगो टोक फार बारीक घासलेले आहे. १९१३ सालच्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले तेव्हा त्यांच्याजवळ सव्वीस अक्षरे होती. आपल्याकडे बाराखडीचा हिशेब धरला तर घरात बसू शकणारी अक्षरे चारशेच्या वर जातात, आणि जोडाक्षरे त्यांच्यात अजून धरलेलीच नाहीत. सव्वीसांतले एक कळणे आणि चारशेंतले एक कळणे यांत फरक आहे. इंग्रजी कोडे सोडवणाऱ्याला छेदातून एक अक्षर मिळाले तरी पुढे रान मोकळे असते. आपल्याला एक ‘रि’ मिळाला की बहुतेक वेळा पोलिसांना पत्ताच मिळतो. म्हणून मराठी कोड्यांना प्रत्येक घर दोन्हीकडून बांधलेले नसले तरी चालते; शब्दाला एक छेद, फार तर दोन. उलट रचणाऱ्याची मात्र त्यामुळेच दमछाक होते, कारण चारशेंतले दोन सारखे आणायचे कुठून?

इथे जोडाक्षरे आपापला स्वभाव दाखवतात. प्रात्यक्षिक हा लांबलचक वाटणारा शब्द चार घरांत मावतो: प्रा, त्य, क्षि, क. स्वातंत्र्य तीन घरांत. पण असले घर दुसऱ्या कुठल्या शब्दात शोधायचे म्हटले की रचणारा कावरा-बावरा होतो. आकुर्डी घ्या. आ, कु, र्डी. तिचा आ मोकळा, कु सुद्धा मिळून जाईल, पण तो रफार घेतलेला र्डी? मी एका गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आपल्याच भागातल्या गावांचे कोडे रचत होतो आणि आकुर्डी खालच्या ओळीत अडकून बसली होती. काकांनी बस चौकात उभी असताना, फारसे न बघता सांगितले, “शिर्डी.” शि, र्डी. आकुर्डीला वाचवायला साक्षात शिर्डीच धावून आली. सूत्र काय द्यायचे हा प्रश्नच नव्हता. ‘श्रद्धा आणि सबुरीचे गाव’. बसमध्ये दोघा-तिघांनी नकळत हात जोडले. ते शिर्डीला की काकांना, हे मी विचारले नाही.

त्या स्मरणिकेच्या कोड्याने मला गावांचे वेगळेच भूगोल दाखवले. चाकण आणि चिंचवड, ज्यांच्यामध्ये आमचे निम्मे आयुष्य बसमध्ये गेले, त्यांच्यात सामाईक घर नाही. चा आणि च एकमेकांना ओळख देत नाहीत. मध्ये एक काना आहे. मग वाकड मदतीला घेतले. वाकड उभे लिहा: वा, क, ड. त्याच्या मधल्या क मधून चाकण आडवे जाते आणि शेवटच्या ड वर चिंचवड येऊन थांबते. नकाशावर हे साफ खोटे आहे. चिंचवडहून चाकणला वाकडमार्गे निघालेला माणूस वाट चुकलेला तरी असतो किंवा त्याला कंपनीत वेळेवर पोचायचे नसते. पण कोड्यात ते बसले, चपखल बसले, आणि बसल्यावर माझ्या लक्षात आले की चाकणचा चा बरोबर चिंचवडच्या व च्या डोक्यावर आला आहे. वर चा, खाली व. न मागता एक उभा शब्द तयार झाला: चाव. शेजारी शेजारी दोन अक्षरे पडली की त्यांचा शब्द धरावाच लागतो, हा नियम. काढून टाकायचा तर सगळी मांडणी मोडली असती. मी सूत्र लिहिले, ‘दातांना दिलेला हुकूम, दोन अक्षरी’, आणि पुढे गेलो. चिंचवड आणि चाकण यांच्यामध्ये नेमके काय चावते ते वाचणाऱ्यांना बरोबर कळले.

संगणकाला मात्र यातले काहीच कळत नाही. सोसायटीतल्या, हिंजवडीला जाणाऱ्या एका मुलाने माझी कीव येऊन अक्षरे मोजणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला. शब्द टाका, लांबी घ्या. मी पिंपरी टाकले. उत्तर आले ६. चिंचवड टाकले. उत्तर आले ६. दोन गावांचा एवढा समसमान न्याय महापालिकेतही कधी झाला नसेल. कारण असे की युनिकोडमध्ये वेलांटी हे वेगळे चिन्ह, अनुस्वार वेगळे. प, पहिली वेलांटी, अनुस्वार, प, र, दुसरी वेलांटी, असे सहा. चिंचवडचे च, वेलांटी, अनुस्वार, च, व, ड, असेही सहा. आणि प्रात्यक्षिक? १२. त्यात पाय मोडायची चिन्हेही मोजलेली. मुलगा म्हणाला, “काका, टेक्निकली हे बरोबर आहे.” मी म्हटले, बरोबर असेल, पण चार घरांच्या जागेत बारा पाहुणे आले तर त्यांना बसवायचे कुठे? मग त्याने प्रामाणिकपणे काना-मात्रा-वेलांट्या मागच्या अक्षराला चिकटवल्या, पाय मोडलेले अक्षर पुढच्याला जोडले, आणि तेव्हा कुठे पिंपरी तीन आणि चिंचवड चार झाले. पहिलीतले मूल बोटांवर हे न शिकवता मोजते. प्रोग्रॅमवाल्या मुलाला त्याचे फार नवल वाटले. मला त्याच्या नवलाचे.

बारीक काम वेलांट्यांचे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठी शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार दीर्घ केले. गति होती ती गती झाली, कवि कवी झाले. आणि मराठी शब्दांत दीर्घ अक्षराच्या आधीचे इकार-उकार सहसा ऱ्हस्व: किडा, सुरी, पिसू. या दोन ओळींनी शब्दकोडे रचणाऱ्याचा केवढा प्रदेश कापला गेला ते नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. समजा, आडवा शब्द ‘माहिती’ असा संपला. शेवटचे घर ती, दुसरी वेलांटी. त्या घरातून खाली काय न्यायचे? तिखट नाही, तिरका नाही, तिठा नाही. सगळ्यांना पहिली वेलांटी. तीर, तीव्र, तीर्थ असे मोजकेच काय ते उरते. शेवटचे अक्षर दुसऱ्याच्या शेवटाला जुळवले तर मात्र काही तक्रार नसते, कारण शेवटी सगळेच दीर्घ. म्हणून मराठी कोड्यांच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन शब्द एकाच घरात संपताना पुष्कळदा दिसतात, पिंपरी आणि भोसरी एकाच री वर टेकावीत तसे. काही कोडेकार वेलांटीकडे काणाडोळा करतात आणि री खाली रि चालवून घेतात. काकांना हे खपत नसे. ते असे कोडे पूर्ण सोडवत, मग त्या घरावर लाल पेनाने लहानसा गोल काढत आणि शेजारी तारीख घालत. रिजेक्शनचा शिक्का होता तो. ते पान पुढे कुठे पाठवायचे असते असे नाही.

आणि णे. सगळी क्रियापदे कोशात णे घेऊन उभी असतात, करणे, धावणे, थांबणे, आणि णे ने सुरू होणारा शब्द नाही. मधोमध णे असलेले शब्द रोज वापरण्यासारखे फार थोडे, पण त्यांतला एक असा की त्याच्यावाचून इथे पान हलत नाही. ग, णे, श. मोरया गोसावींच्या चिंचवडात बसून कोडी रचणाऱ्याला हा दिलासा मिळावा हे योग्यच आहे. मी त्या स्मरणिकेत ‘थांबणे’ला गणेशाने छेदले. ते तळेगाव चौकात सुचले होते.

माझ्या लहानपणी घरात जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता, त्यात आजोबांनी भरलेली कोडी होती, पण आजोबा त्यांच्याबद्दल बोलत नसत. ती बक्षिसाची कोडी होती. कुपन कापायचे, प्रवेशफी पोस्टल ऑर्डरने पाठवायची, आणि मोहोरबंद उत्तराशी आपले उत्तर जुळावे म्हणून देव पाण्यात घालायचे. त्या कोड्यांची कारागिरी आपल्या उलट होती. रचणारा मुद्दाम असे घर मोकळे ठेवी की दोन शब्द सारखेच बरोबर ठरावेत, आणि मोहोरेच्या आत त्यांतला कुठला आहे ते त्याचे त्याला ठाऊक. समजा, सुवासाच्या त्या चार घरांत छेद फक्त ळ ला दिला असता तर? दरवळ की परिमळ, हे मग भाषेच्या ज्ञानाने ठरत नाही. ते नाणे उडवून ठरते. हाच मुद्दा पुढे न्यायालयात गेला. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ पत्रातून मुंबई राज्यातही येत, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा वेगळी आणि जुगार वेगळा, अशी रेघ ओढून दिली. त्याआधी १९५५च्या कायद्याने अशा स्पर्धांवर महिन्याला बक्षीस एक हजार रुपयांच्या वर नको आणि प्रवेशिका दोन हजारांवर नकोत, असे बंधन घातले होते. न्यायमूर्तींनी एवढ्या गांभीर्याने ज्याचा विचार केला ते म्हणजे शेवटी एक छेद न दिलेले घर. आजोबांच्या एका कोड्यात असे एक घर खोडून, पुन्हा लिहून, पुन्हा खोडून कागद भोक पडेपर्यंत झिजला होता. आत पाहिले तर दोन्ही शब्द बरोबर होते. त्या भोकातून मला आजोबा पहिल्यांदा तरुण दिसले.

शब्दकोड्याची स्वतःची एक मराठी आहे, आणि ती कुणीच बोलत नाही. तिथे घोडा वारू असतो, पक्षी खग, जीभ रसना, जमीन मही. कारण उघड आहे. दोन-तीन घरांत सुटसुटीत, जोडाक्षराविना बसणारे आणि दोन्हीकडून छेदू देणारे शब्द हवे असतात, मग ते पुराणातले का असेनात. आपण ते शाळेत शिकलो, विसरलो, आणि दैनिकाच्या पानावर रोज भेटून पुन्हा ओळखीचे झालो. पण ज्याची पहिली ओळख तिथेच झाली त्याचे काय?

होसूरच्या कारखान्यातून बदलून आलेला एक तमिळ मुलगा काकांच्या शेजारी बसू लागला. काका त्याला अण्णा म्हणत, तो त्यांना काका म्हणे, म्हणजे वयाने तीस वर्षांनी लहान असलेला मुलगा त्यांचा मोठा भाऊ होता आणि ते त्याचे काका. हिंदीवर त्याचे भागत होते, पण लाइनवरच्या बायका आपसात हसतात ते का हसतात हे कळावे म्हणून त्याला मराठी हवी होती. काकांनी त्याला कोड्यावर घातले. मूळचा हुशार, अक्षरे महिन्याभरात, शब्द हळूहळू. एके दिवशी सुपरवायझरने विचारले, डबा का नाही आज? अण्णा म्हणाला, “माझी दारा गावाला गेली आहे.” सगळी लाइन थांबली. एकाला वाटले दार, एकाला वाटले दारासिंग. काकांपर्यंत बातमी पोचली तेव्हा त्यांनी चष्मा पुसत सांगितले, “पत्नी. दोन अक्षरी. शब्द बरोबर आहे त्याचा.” पुढे कित्येक दिवस पोरे एकमेकांना विचारत, काय रे, दारा कशी आहे? त्या बाई परत आल्यावर बसच्या थांब्यावर त्यांना पाहून सगळे एकाएकी अतिशय आदराने बाजूला झाले.

त्या अण्णाने पुढच्या वर्षी स्मरणिकेसाठी स्वतः एक तुकडा रचला. त्याला होसूर आणि चाकण एकमेकांना जोडायचे होते. हो, सू, र. चा, क, ण. दोघांत सामाईक काही नाही, म्हणजे मध्ये एक तिसरा शब्द हवा, ज्यात क आणि र दोन्ही आहेत. साहजिकच त्याने पहिल्यांदा ‘नोकरी’ आणले, कारण खरा पूल तोच होता. पण त्यात री, होसूरला हवा नुसता र. वेलांटी कापून ‘नोकर’ केले. काकांनी तिथेच बोट ठेवले: क आणि र लागोपाठ आले की चाकण आणि होसूर एकमेकांना चिकटून बसतात, चा खाली सू येतो, आणि ‘चासू’ नावाचे काही मराठीत नाही. मध्ये एक घर सुटायला हवे. क, काहीतरी, र. अण्णाने वहीत यादी केली. करार. कसर. कहर. कदर. कबर. सगळे बसत होते.

“हे तर जुगाराचं घर झालं,” मी म्हणालो. मधल्या घराला छेदच नव्हता. ठरवायचे काम सगळे सूत्रावर.

बस चौकात उभी होती. काकांनी यादी वाचली आणि ‘करार’वर थोडे थांबले, कंत्राटी पोरांनी भरलेल्या त्या बसमध्ये तो शब्द मोठ्याने वाचायला कुणालाच फारसे आवडत नाही. अण्णाने पेन्सिलीने ‘कदर’ भरले आणि समोर सूत्र लिहिले, ‘जाण, मोल’. अक्षर अजून तमिळच्या वळणाचे, गोलसर. काकांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

“जाण, मोल, तीन अक्षरी,” ते म्हणाले. “किंमत पण तीनच आहे, अण्णा. लोक तेच भरतील.”

“नाही भरणार, काका,” अण्णा म्हणाला. “चाकणमध्ये किं बसत नाही.”